सर्वानुमते पर्याय दोन

संघप्रिया भदर्गे घरी बोर्ड मीटिंग घ्यायची. एकटीच, पण सगळ्यांच्या आवाजांत.

कळंबोलीच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद पसरायचा, कमरेवर एक हात ठेवायचा आणि आधी अध्यक्षांना बोलतं करायचं. अध्यक्ष जयप्रकाश धारप म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या तोंडून साधं 'बरं' निघत नसे, 'तत्त्वतः हरकत नाही' निघत असे, आणि 'तत्त्वतः' म्हणताना चष्मा नाकावरून एक बोट खाली यायचा. संघप्रियाला चष्मा नव्हता, तरी ती बोटाने नाक खाली ओढायची. मग मालक नंदकिशोर उपळेकर. त्यांचं प्रत्येक वाक्य 'बेसिकली' या शब्दाने सुरू होई आणि बेसिक असं त्यात पुढे काहीच सापडत नसे. शेवटी त्यांच्या पत्नी वैजयंतीताई. 'आपण ना', एवढं म्हणून त्या थांबत. त्या थांबण्यात समोरचा माणूस आपणहून काय ते कबूल करून मोकळा व्हायचा.

या तिघांच्या तोंडून संघप्रिया स्वतःलाच प्रश्न विचारायची आणि ज्याचं उत्तर देता येणार नाही तो प्रश्न कागदावर लाल पेनाने लिहायची. आई गोजराबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "आले का गं तुझे साहेब? त्यायला म्हणाव, ओटा रिकामा करा." वडील मारोतराव आयुष्यभर लोखंड बाजारात माल चढवत, उतरवत आणि पुढे मुकादमी करत आलेले. ते फक्त विचारायचे, "आज कोन जास्त भांडलं?"

हा नाद उगीच नव्हता. संघप्रिया महाप्याच्या 'निर्मळ लिनन' या कंपनीत वित्त विभाग सांभाळत होती. रुग्णालयांच्या चादरी, गाऊन, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे गोळा करायचे, धुवून, निर्जंतुक करून, इस्त्री करून परत पोचवायचे, हा कंपनीचा धंदा. मोठी खरेदी करायची म्हटली की बोर्डापुढे टिपणी ठेवावी लागते: गरज काय, पर्याय कोणते, प्रत्येकाला खर्च किती, धोका कुठे, पैसा कुठून आणायचा, आणि शेवटी आमची शिफारस अमुक. ती टिपणी ती लिहायची. लिहायची म्हणजे, आजवर टाइप करायची. शिफारस वरून ठरून यायची.

आणि ती कायम दोन नंबरला असायची. ही रीत घालून दिली होती आधीचे हिशोबनीस हौसेराव यांनी. नोकरी सोडताना त्यांनी तिला गादीचं रहस्य सांगावं तसं सांगितलं होतं: "हे बघ, पर्याय तीन द्यायचे. एक नंबरला इतका कंजूष की लाज वाटावी. तीन नंबरला इतका महाग की घाम फुटावा. मधे आपली नवरी. आजूबाजूला दोन करवल्या. बोर्ड येतं, नवरीला बघतं, अक्षता टाकतं, जेवून जातं." आणि खरोखरच बोर्ड तसंच करायचं. टेम्पो घेतले ते दोन नंबर. इस्त्रीचं मोठं रोलर यंत्र घेतलं ते दोन नंबर. सात दिवस आधी टिपणी प्रत्येकाच्या हातात पडायची आणि सात दिवसांनी तशीच, घडीसुद्धा न मोडलेली, सभेला यायची.

या वेळचा विषय मात्र अक्षता टाकून उरकण्यातला नव्हता.

कंपनीची धुलाई यंत्रं म्हातारी झाली होती, त्यातली दोन तर कपड्यांपेक्षा जास्त वेळ मेकॅनिककडे बघायची. त्यातच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या रुग्णालय समूहाने कळवलं की पुढचा करार हवा असेल तर मळका कपडा आणि धुतलेला कपडा एका खोलीत दिसता कामा नये. म्हणजे मधे भिंत हवी आणि भिंतीतच बसवलेलं यंत्र हवं. एका बाजूच्या दारातून मळके कपडे आत घालायचे, दुसऱ्या बाजूच्या दारातून स्वच्छ बाहेर काढायचे, दोन्ही दारं एकदम कधी उघडायचीच नाहीत. जुन्या यंत्रांना दारच एक. ज्या दारातून मळकं आत, त्याच दारातून धुतलेलं बाहेर.

उपळेकरांचं मन एका प्रदर्शनात गुंतून आलं होतं. तिथे त्यांनी टनेल वॉशर पाहिला होता. आगगाडीच्या डब्यांसारखे एकापुढे एक कप्पे, इकडून मळकं शिरतं, तिकडून धुतलेलं निघतं, माणसाचा हात मधे कुठे नाही. विकणाऱ्याचा निखिल नावाचा पोरगा तेव्हापासून दर आठवड्याला यायचा आणि 'सर, ही मशीन नाहीये, ही जर्नी आहे' असं डोळे मिटून म्हणायचा. उपळेकरांचेही डोळे मिटायचे.

त्यांनी संघप्रियाला बोलावलं. बेसिकली टनेल घ्यायचा आहे, म्हणाले. टिपणी कर, दोन नंबरला ठेव.

तिने हो म्हटलं. पण कंपनीची ही आजवरची सर्वांत मोठी खरेदी, त्यामुळे आकडे तरी खरे मांडू, असं म्हणून ती खाली प्लँटमध्ये गेली आणि सुपरवायझर भगवान भोईरच्या मागे लागली. भगवान घणसोलीचा. यंत्रांशी बोलताना त्याचा आवाज मऊ, माणसांशी बोलताना भोंगा. रोज किती माल येतो, कुठल्या वारी जास्त येतो, यंत्र बंद पडलं तर तुम्ही काय करता, असं ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. एक बंद परला तं बाकीच्यांवर ढकलतो, म्हणाला. मग तिने विचारलं, सगळ्यांचं मिळून एकच यंत्र असलं तर? भगवानने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी त्याला विचारलंय की सगळ्या कोळीवाड्याला एकच होडी असली तर.

"मंग मी मना ढकलीन," तो खाडीच्या दिशेने हात करत म्हणाला. "खाडीन."

घरी ओट्यावर बसून तिने हिशोब मांडला तेव्हा तोच प्रकार आकड्यांत दिसला. टनेल वॉशर पाणी फारच कमी पितो, हे खरंच होतं आणि तिने ते टिपणीत ठळक लिहिलं. पण त्याची किंमत वसूल व्हायला रोज आठ टन माल हवा. कंपनीकडे येत होता पाच टन. त्यात नवा बॉयलर, नवा पाया, मोठं कर्ज. एखादं रुग्णालय सोडून गेलं तर हप्ता कंपनीच्या गळ्यात आणि कंपनी कामगारांच्या. उलट भिंतीत बसणारी पाच मध्यम यंत्रं घेतली, तर खर्च निम्म्याहून कमी, करारातली अट पुरी, आणि एक बंद पडलं तरी उरलेल्या चारांवर रोजचं काम निघतं.

तिने पेन खाली ठेवलं. त्या रात्री ओट्यावरच्या सभेत उपळेकर जाम चिडले. तिने त्यांना चिडू दिलं. धारपांनी कर्जाच्या परतफेडीबद्दल विचारलं, वैजयंतीताई 'आपण ना' म्हणून थांबल्या. सगळ्यांना उत्तरं देऊन झाल्यावर तिने शिफारस लिहिली, पाच यंत्रांची, आणि पहिल्यांदाच खाली स्वतःचं नाव घातलं. हौसेरावांच्या करवल्याही तिने काढून टाकल्या. सगळे पर्याय खरे हवेत, म्हणून मांडणी सरळ केली. आधी खरेदी न करता काय जमेल: पहिला पर्याय, जुनी यंत्रं दुरुस्त करणे. दुसरा, धुलाई बाहेरच्या दुसऱ्या कारखान्याला देणे. मग खरेदी: तिसरा, भिंतीतली पाच यंत्रं. चौथा, टनेल.

मालकांपासून लपवायचं नाही, म्हणून तिने उपळेकरांना आधी मसुदा पाठवला. सोबत मेसेज केला: सर, शिफारस टनेलची नाही, पाच यंत्रांची करते आहे, कारणं आत आहेत, बोलूया का? उत्तरादाखल उपळेकरांचा अंगठा आला. नुसता अंगठा. संघप्रिया तो अंगठा दिवसभर बघत राहिली आणि शेवटी तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. वैजयंतीताईंनी फोनवर विचारलं तेव्हा तिने त्यांनाही सांगितलं की पाच यंत्रं सुचवली आहेत. त्या म्हणाल्या, छान, आपण ना, तेच करू. मग टिपण्या रवाना झाल्या.

सभेच्या दिवशी संघप्रियाने आईची निळी साडी नेसली. नामंजूर झालं तर चालेल, पण भांडण होईल, आणि ते भांडण तिने इतक्या वेळा ओट्यावर जिंकलं होतं की खऱ्या टेबलावर हरायची भीती वाटत होती.

सभा सुरू झाली. मागचं इतिवृत्त कायम झालं. दोन बारके विषय उरकले. चौथा विषय, धुलाई यंत्रांची भांडवली खरेदी. धारपांनी टिपणी टेबलावर सरळ ठेवली, वरून हात फिरवला, जणू कागदाला झोपवत होते.

उपळेकर म्हणाले, बेसिकली सगळ्यांना माहीतच आहे, दोन नंबर. वैजयंतीताई म्हणाल्या, हो, दोनच. धारपांचा चष्मा एक बोट खाली आला आणि ते म्हणाले की पर्याय दोनला त्यांची केवळ तत्त्वतः नव्हे तर पूर्णतः संमती आहे. सबब पर्याय क्रमांक दोन सर्वानुमते मंजूर. विषय पाचवा.

चहा अजून गरम होता.

संघप्रियाचं पेन इतिवृत्ताच्या वहीवर टेकलेलं तसंच राहिलं. तिने मनातल्या मनात दुसरा पर्याय वाचला. धुलाई बाहेरच्या कारखान्याला देणे. म्हणजे धुलाई करणाऱ्या कंपनीने आत्ताच, कुणाचाही विरोध न होता, यापुढे धुलाई न करण्याचा ठराव केला होता. खाली भगवान आणि त्याची सगळी पाळी चादरी उपसत होती, आणि वर त्यांचं काम एका घोटात संपवून धारप पाचव्या विषयाकडे वळले होते.

एवढ्या प्रश्नांची तयारी तिने केली होती. कुणी काहीच विचारणार नाही, याची मात्र केली नव्हती.

ती सभेची सदस्य नव्हती. तिला निमंत्रण होतं ते टिपणी समजावण्यासाठी आणि इतिवृत्त लिहिण्यासाठी. समजावा असं कुणी म्हटलं नव्हतं. पण लिहायचं तर होतं.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली. "इतिवृत्तात फक्त नंबर लिहिला तर बँक विचारेल काय घेतलंत. प्रत्येकाने काय मंजूर केलं ते आपापल्या शब्दांत सांगाल का?"

बँक म्हटल्यावर धारप थांबले. बँकेसाठी ते कुठेही थांबत.

उपळेकरांनी हात पसरून सांगितलं, टनेल वॉशर, अर्थात. वैजयंतीताईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, टनेल कुठला, आपण ना, पाच यंत्रं मंजूर केली, दोन दारांची. दोघांनी धारपांकडे पाहिलं. धारपांनी टिपणीच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं, तिथून काही मदत मिळेना, तेव्हा सावकाश म्हणाले की टिपणीत जी शिफारस केलेली आहे, ती त्यांनी मंजूर केलेली आहे.

"शिफारस कशाची आहे, सर?"

"दोन नंबरची."

संघप्रियाने टिपणी उघडली आणि दुसरा पर्याय वाचून दाखवला, स्वतःच्या आवाजात, अगदी सावकाश. धुलाई विभाग बंद करून सर्व काम बाहेरील कारखान्याकडे सोपवणे. त्यावर तिने लिहिलेला शेराही वाचला: शिफारस नाही, कारण गुणवत्तेवर आपलं नियंत्रण राहत नाही आणि रुग्णालयाच्या करारात परस्पर काम दुसऱ्याला देण्यास मनाई आहे.

धारपांनी खाली आलेला चष्मा वर चढवला.

मग वैजयंतीताई हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड्यावर, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "नंदू," त्या म्हणाल्या, "आपण तिघांनी एकमताने तीन वेगवेगळ्या गोष्टी मंजूर केल्या. आणि झाली भलतीच चौथी."

उपळेकरांना हसू येत नव्हतं. मी टनेल दोन नंबरला ठेवायला सांगितलं होतं, असं त्यांनी बेसिकली न म्हणता सांगितलं, यावरून राग किती होता ते कळतं. संघप्रियाने फोनमधला मेसेज त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला, स्वतःचा अंगठा बघितला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा चेहरा केला. ती म्हणाली की अंगठ्यावर विसंबले ही चूक माझी, समोर येऊन बोलायला हवं होतं. पण शिफारस माझी आहे आणि ती तुम्ही वाचून फेटाळलीत तर माझी हरकत नाही. न वाचता मंजूर केलीत तर आहे.

हे वाक्य तिने ओट्यावर कधीच म्हटलं नव्हतं. ते कुठून आलं, तिलाही कळलं नाही.

धारप ताठ बसले. सभा संपलेली नाही, सबब विषय चौथा पुन्हा खुला करण्यात येत आहे, आधीचा निर्णय रद्द समजावा, आणि सर्वांनी पान एकपासून सुरुवात करावी. मग त्या खोलीत आजवर न ऐकू आलेला आवाज झाला. तीन टिपण्यांची पानं एकदम उलटली.

वाचायला बसल्यावर माणसं वेगळीच निघाली. धारपांना कर्जात रस होता. त्यांनी हप्ते, व्याज आणि माल कमी झाला तर काय, एकामागून एक असे प्रश्न टाकले की चाळीस वर्षं बँकेने त्यांना उगाच पोसलं नव्हतं हे दिसलं. वैजयंतीताईंनी विचारलं, कामं बदलल्यावर मळक्या बाजूला कोण आणि स्वच्छ बाजूला कोण, पाळ्या कशा लागतील. आणि उपळेकर भांडले. मनापासून भांडले. टनेल पाणी कमी पितो, म्हणाले. ती म्हणाली हो, पान चार. माल वाढणार आहे, म्हणाले. ती म्हणाली वाढला तर सहाव्या पानावर आहे, तेव्हा टनेलची वेगळी टिपणी मीच आणीन, पाच यंत्रं तेव्हाही वाया जात नाहीत.

"आणि टनेल बंद पडला तर?" हा प्रश्न धारपांनी टाकला, आणि उपळेकरांनी तावातावाने तिथल्या तिथे निखिलला फोन लावला. धारपांनी किंमत आणि बाकीची कोटेशनं यांवर अवाक्षर काढायचं नाही अशी अट घालून परवानगी दिली. स्पीकरवर निखिल फुलला. सर, अठ्ठ्याण्णव टक्के वेळ मशीन चालूच, म्हणाला.

"आणि उरलेले दोन टक्के?"

निखिल म्हणाला, "सर, तो जर्नीचा पार्ट आहे." मग मुख्य सुटा भाग परदेशातून येतो आणि यायला तीनेक आठवडे लागतात, हे त्याने जर्नी शब्द न वापरता सांगितलं.

तीन आठवडे पाच टन मळके कपडे रोज. उपळेकर मूळचे याच धंद्यातले, सुरुवातीला स्वतः टेम्पो चालवून चादरी आणलेले. त्यांनी फोन ठेवला आणि त्यांच्या नाकाला तो वास आला असावा. मग त्यांनी टिपणी पुन्हा उघडली, पान चार, पान सहा, आणि शेवटी शिफारशीखालचं नाव वाचलं.

"भदर्गे," ते म्हणाले, "हे एवढं सगळं तू आधीपण लिहायचीस?"

"आधी तुम्ही सांगायचात, सर. मी टाइप करायचे."

ते हसले. हरलेल्या माणसाचं नव्हे, आपल्या दुकानात आपल्याच नकळत चांगला माल निघाल्यावर मालक हसतो तसं. पाच यंत्रांचा प्रस्ताव त्यांनी स्वतः मांडला. वैजयंतीताईंनी अनुमोदन दिलं. धारपांनी ठराव सांगितला आणि संघप्रियाने शब्दन् शब्द लिहून घेतला: भिंतीत बसवायची दोन दारांची पाच धुलाई यंत्रं, टिपणीतील कमाल खर्चाच्या मर्यादेत; काही रक्कम कंपनीच्या शिलकीतून आणि उरलेली मुदत कर्जातून; करार करण्याचे अधिकार कार्यकारी संचालक उपळेकर यांना. जाता जाता त्यांनी एक वाक्य आणखी घालायला लावलं. यापुढे या मंडळात कोणत्याही पर्यायाचा उल्लेख क्रमांकाने केला जाणार नाही, त्याचं नाव घ्यावं लागेल. हे मंजूर का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिघांनी ते वाक्य आधी मोठ्याने वाचलं आणि मग हात वर केले.

चहा गार झाला होता. दुसरा मागवला, आणि या वेळी उपळेकरांनी तिच्यासाठी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

संध्याकाळी ती खाली प्लँटमध्ये गेली. बातमी तिच्याआधी जिना उतरली होती, कारण भगवानने कुठूनसा खडू पैदा केला होता आणि तो गुडघ्यांवर बसून फरशीवर आडवी रेघ ओढत होता. इकडून तिकडे, मधल्या खांबाला वळसा घालून, सरळ. इथं भिंत येनार, म्हणाला, ही घानीची बाजू, ती चोखी बाजू. ढीग उपसणाऱ्या बायकांनी काम थांबवून रेघ बघितली. एकीने धुतलेल्या चादरींची गाडी लगेच पलीकडे नेऊन लावली, भिंत उभी राहिल्यासारखी.

इतक्यात उपळेकर बघायला आले. संघप्रियाच्या शेजारी उभे राहून काय काय कुठे बसेल ते विचारू लागले. बेसिकली आनंदात होते. बोलता बोलता एक पाऊल पुढे टाकून, मळक्या ढिगातून आलेल्या बुटांनिशी, ते सरळ रेघेपलीकडे गेले.

भगवानचा भोंगा वाजला. "ओ शेट, माघारी या. तुमी घानीचे बाजूचं."

मालक खाली बघून, रेघ ओलांडून, निमूट परत आले. संघप्रियाने रेघेवर त्यांच्या बुटाने पुसलेली जागा खडूने पुन्हा जोडली आणि उभी राहून हात झटकले.

"आता सांगा, सर," ती म्हणाली, "पहिलं यंत्र कुठे ठेवायचं?"